सरासरी नऊ टक्क्यांची, हाती पाऊण टक्काही नाही

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील म्युच्युअल फंडांत ‘एसआयपी’च्या मार्गाने येणाऱ्या मासिक रकमेने प्रथमच पंचवीस हजार कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. बँकेतील मुदत ठेव हीच बचतीची अंतिम मर्यादा मानणारा मध्यमवर्ग आता शेअर बाजाराशी जोडला गेला आहे. गोव्यासारख्या, ठेवींच्या मानाने कर्जाची उचल नेहमीच कमी असलेल्या राज्यातही हा बदल जाणवतो. मुदत ठेवीची पावती वाचणे सोपे असते. तिच्यावर एकच दर छापलेला असतो आणि तो मुदत संपेपर्यंत बदलत नाही. बाजारातील गुंतवणुकीला असा एक दर नसतो. दर वर्षाचा परतावा वेगळा असतो आणि या वेगवेगळ्या आकड्यांचा सारांश म्हणून गुंतवणूकदारापुढे ‘सरासरी’ ठेवली जाते. प्रश्न इतकाच आहे, की ही सरासरी कोणती?

सरासरी दोन प्रकारे काढता येते. सर्व वर्षांच्या परताव्यांची बेरीज करून तिला वर्षांच्या संख्येने भागले, की अंकगणिती सरासरी मिळते. शाळेत आपण हीच शिकतो. दुसरी भूमिती सरासरी. प्रारंभीच्या रकमेला दर वर्षी कोणत्या एकाच स्थिर दराने चक्रवाढ मिळाली असती तर ती आजच्या रकमेएवढी झाली असती, याचे उत्तर ती देते. बाजाराच्या परिभाषेत तिला ‘सीएजीआर’ म्हणतात. परतावा दर वर्षी सारखाच असेल तर दोन्ही सरासऱ्या एकच येतात. त्यात चढउतार आले, की भूमिती सरासरी अंकगणितीच्या खाली जाते. हे अंतर नेमके किती पडू शकते, हे आपल्याच बाजाराच्या एका कालखंडावरून पाहता येईल.

सहा वर्षांचा ताळेबंद

२००७ च्या अखेरीस मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स २०,२८६.९९ अंकांवर बंद झाला. त्या दिवशी एखाद्याने एक लाख रुपये निर्देशांकाच्या प्रमाणात गुंतवले आणि पुढील सहा वर्षे त्यांना हात लावला नाही, असे धरू. प्रत्येक वर्षअखेरचा निर्देशांक घेऊन त्याच्या रकमेचे काय झाले ते मांडले, तर चित्र असे दिसते :

- २००८ : उणे ५२.४५ टक्के, शिल्लक ४७,५५४ रुपये
- २००९ : अधिक ८१.०३ टक्के, शिल्लक ८६,०८९ रुपये
- २०१० : अधिक १७.४३ टक्के, शिल्लक १,०१,०९५ रुपये
- २०११ : उणे २४.६४ टक्के, शिल्लक ७६,१८१ रुपये
- २०१२ : अधिक २५.७० टक्के, शिल्लक ९५,७५९ रुपये
- २०१३ : अधिक ८.९८ टक्के, शिल्लक १,०४,३५६ रुपये

या सहा टक्केवाऱ्यांची बेरीज ५६.०५ येते. तिला सहाने भागले, की सरासरी ९.३४ टक्के. हा आकडा खोटा नाही. त्यातील प्रत्येक वर्षाचा परतावा खरा आहे आणि भागाकारही बरोबर आहे. पण सहा वर्षे ९.३४ टक्के दराने चक्रवाढ झाली असती, तर लाखाचे सुमारे एक लाख ७१ हजार व्हायला हवे होते. प्रत्यक्षात झाले एक लाख चार हजार ३५६. म्हणजे वार्षिक चक्रवाढ दर केवळ ०.७१ टक्के. सरासरी सांगते नऊ टक्क्यांहून अधिक आणि हाती पाऊण टक्काही पडत नाही. उरलेले साडेआठ टक्के गेले कुठे?

ते कोणी घेतले नाहीत. यात दलाली नाही, व्यवस्थापन शुल्क नाही, करही नाही. कारण पहिल्या दोन वर्षांतच दिसते. उणे ५२ आणि अधिक ८१ यांची बेरीज केली, तर गुंतवणूकदार २८ टक्क्यांहून अधिक नफ्यात असायला हवा. पण त्याच्याकडे ८६ हजार आहेत. ५२ टक्क्यांची घसरण पूर्ण लाखावर झाली आणि तिने ५२,४४६ रुपये नेले. नंतरची ८१ टक्क्यांची वाढ मात्र उरलेल्या ४७,५५४ रुपयांवरच झाली. तिने ३८,५३५ रुपये परत आणले. मूळ पातळी गाठण्यासाठी त्या वर्षी ११० टक्के वाढ आवश्यक होती. टक्केवारी दर वर्षी वेगळ्या मुद्दलावर मोजली जाते आणि वेगवेगळ्या मुद्दलांवरील टक्क्यांची बेरीज करणे म्हणजे किलो आणि शेर एकत्र मोजण्यासारखे आहे. परताव्यांचा गुणाकार करावा लागतो, बेरीज नव्हे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सेन्सेक्समध्ये केवळ भावांतील बदल मोजला जातो. कंपन्यांनी दिलेला लाभांश त्यात येत नाही. लाभांश धरला असता तर दोन्ही सरासऱ्या थोड्या वर सरकल्या असत्या. त्यांच्यातील अंतर मात्र जवळपास तेवढेच राहिले असते.

घट किती, हे आधी सांगता येते

धान्याचा व्यापारी माल साठवताना वाळण्याची, सांडण्याची घट आधीच हिशेबात धरतो. चढउतारामुळे होणारी ही घटही अशीच अंदाजता येते आणि तिचा नियम सोपा आहे. वार्षिक परतावे आपल्या सरासरीपासून साधारणपणे किती दूर जातात याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. त्याचा वर्ग करून निम्मा केला, की दोन सरासऱ्यांतील अंतर जवळजवळ मिळते. वरील सहा वर्षांचे प्रमाण विचलन ४१.७ टक्के, म्हणजे ०.४१७ आहे. त्याचा वर्ग ०.१७४, निम्मा ०.०८७, अर्थात ८.७ टक्के. प्रत्यक्ष अंतर ८.६ टक्के होते. ठोकताळा म्हणून हा नियम पुरेसा विश्वासार्ह आहे. मात्र चढउतार फारच टोकाचे असतील, तर तो काहीसा चुकतो.

या नियमातील महत्त्वाचा शब्द ‘वर्ग’ हा आहे. चढउतार दुप्पट झाले, तर घट दुप्पट होत नाही, चौपट होते. एका वर्षी दहा टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी दहा टक्के घसरण झाली, तर शंभराचे ९९ होतात. वीस-वीस टक्क्यांचे हेलकावे असतील तर ९६ उरतात आणि चाळीस-चाळीसचे असतील तर ८४. तिन्ही ठिकाणी अंकगणिती सरासरी शून्यच आहे. उधारीवर, म्हणजे मार्जिन भरून दुपटीने शेअर घेणाऱ्याला नफा दुप्पट होण्याची आशा असते. त्याच्या वाट्याला येणारी घट मात्र चौपट असते आणि वर व्याज भरावे लागते ते वेगळेच.

२००७ ते २०१३ हा कालखंड टोकाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. तो तेजीच्या शिखराजवळ सुरू होतो आणि जागतिक वित्तीय संकटातून जातो. म्हणून लगेचच्या पुढील सहा वर्षांशी त्याची तुलना करून पाहावी. २०१३ अखेरच्या २१,१७०.६८ वरून सेन्सेक्स २०१९ अखेर ४१,२५३.७४ वर गेला. या काळात सर्वांत वाईट वर्ष २०१५ होते आणि त्यातही घसरण पाच टक्क्यांचीच होती. या सहा वर्षांची अंकगणिती सरासरी १२.५० टक्के आणि भूमिती सरासरी ११.७६ टक्के येते. घट केवळ पाऊण टक्का.

आता दोन्ही कालखंड शेजारी ठेवले, तर अंकगणिती सरासरी एकीकडे ९.३४ आणि दुसरीकडे १२.५०, फरक तीन टक्क्यांचा. केवळ हे दोन आकडे पाहणाऱ्याला पहिला काळ ‘थोडा कमी चांगला’ वाटेल. वस्तुतः पहिल्या काळात पैसा जागच्या जागी राहिला आणि दुसऱ्यात तो जवळजवळ दुप्पट झाला. अंकगणिती सरासरी नेमकी ही गोष्ट लपवते.

मग अंकगणिती सरासरी निरुपयोगी आहे काय?

तसे म्हणणेही बरोबर होणार नाही. एकाच, पुढच्या वर्षाबद्दल अंदाज बांधायचा असेल, तर अंकगणिती सरासरीच वापरतात. तिचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. समजा, एका गुंतवणुकीत दर वर्षी ५० टक्के नफा किंवा ४० टक्के तोटा यांची शक्यता समसमान आहे. अंकगणिती सरासरी अधिक पाच टक्के आहे. चार जणांनी प्रत्येकी एक लाख गुंतवले आणि दोन वर्षांत शक्य असलेले चारही क्रम एकेकाच्या वाट्याला आले, असे समजू. ज्याला दोन्ही वर्षे नफा झाला, त्याच्याकडे सव्वादोन लाख झाले. एकदा नफा आणि एकदा तोटा झालेल्या दोघांकडे ९०-९० हजार उरले. दोन्ही वर्षे तोटा सोसणाऱ्याकडे ३६ हजार राहिले.

चौघांची एकूण रक्कम चार लाख ४१ हजार, म्हणजे सरासरीने प्रत्येकी एक लाख दहा हजार २५०. पाच टक्के चक्रवाढीने दोन वर्षांत हेच व्हायला हवे होते. अंकगणिती सरासरी समूहाबाबत अगदी खरी ठरली. पण त्या चौघांपैकी तिघे तोट्यात आहेत. समूहाची सरासरी उचलून धरली आहे ती एकट्या भाग्यवानाने. मधल्या माणसाचा अनुभव भूमिती सरासरी सांगते आणि ती वर्षाला उणे पाच टक्क्यांहून थोडी अधिक आहे. वर्षे वाढत जातील तसे हे अंतर रुंदावते. भाग्यवान थोडे आणि त्यांची संपत्ती प्रचंड. बाकीचे बहुसंख्य मागे. गुंतवणूकदाराला आयुष्य एकदाच मिळते. चारही क्रम जगून त्यांची सरासरी काढण्याची सोय त्याला नाही. त्यामुळे अनेक वर्षांच्या नियोजनात भूमिती सरासरीच विचारात घेतली पाहिजे.

नियम काय सांगतो आणि पळवाट कुठे राहते

बाजार नियंत्रक ‘सेबी’ने म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात काढला आहे. फंडाची कामगिरी जाहिरातीत सांगायची तर ती एक, तीन व पाच वर्षांची आणि योजना सुरू झाल्यापासूनची, चक्रवाढ दराने सांगावी लागते. दहा हजार रुपयांचे किती झाले असते, हेही द्यावे लागते. २०१८ पासून तुलनेसाठीचा निर्देशांकही लाभांशासह घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे फंडाच्या अधिकृत माहितीपत्रकातील मुख्य आकडा साधारणपणे भूमिती सरासरीचाच असतो.

अडचण निर्माण होते ती माहितीपत्रकाच्या बाहेर. वर्षनिहाय परताव्यांचा तक्ता दाखवून ‘सरासरी इतकी पडते’ असे तोंडी सांगितले जाते. समाजमाध्यमांवरील शेअरच्या ‘टिप्स’ देणारे बारा महिन्यांच्या टक्केवाऱ्या बेरजेने दाखवतात. भविष्यातील रकमेचे तक्ते तर एकच स्थिर दर धरून काढलेले असतात. तो दर अंकगणिती सरासरीवरून घेतला असेल, तर वीस वर्षांनंतरचा आकडा अवाच्या सवा फुगतो. हे ओळखण्याची कसोटी एकच आहे. टक्केवारी बाजूला ठेवावी आणि सुरुवातीची रक्कम व शेवटची रक्कम मागावी. सांगितलेल्या दराने सुरुवातीची रक्कम चक्रवाढीने वाढवून शेवटची रक्कम येत नसेल, तर तो दर हाती पडलेला दर नव्हे.

घट कमी करता येते

चढउतार निम्मे केले तर घट एक चतुर्थांश होते, ही वर्गाच्या नियमाची दुसरी बाजू आहे. त्याच २००८ ते २०१३ च्या काळात निम्मी रक्कम निर्देशांकात आणि निम्मी आठ टक्के दराच्या ठेवीत ठेवली, आणि दर वर्षअखेर दोन्ही बाजू पुन्हा समान केल्या, असे धरू. २००८ अखेर शेअरची बाजू खाली आली, तेव्हा ठेवीतून पैसे काढून शेअर घेतले. २००९ अखेर शेअर वर गेले, तेव्हा ते विकून ठेव भरली. या मिश्रणाची अंकगणिती सरासरी ८.६७ टक्के होती, म्हणजे निव्वळ शेअरपेक्षा कमी. भूमिती सरासरी मात्र ६.६६ टक्के राहिली. घट साडेआठांवरून दोन टक्क्यांवर आली आणि लाखाचे सुमारे एक लाख ४७ हजार झाले. तीच निम्मी-निम्मी रक्कम एकदा ठेवून पुढे कधीही समान केली नसती, तर एक लाख ३१ हजार ५०० च्या आसपास मिळाले असते.

याला मर्यादा आहेत. सहा वर्षे नुसत्या आठ टक्क्यांच्या ठेवीत एक लाख ५८ हजारांहून अधिक झाले असते, म्हणजे त्या काळात ठेवच सरस होती. पण ते आज मागे वळून पाहताना कळते. २०१४ ते २०१९ सारख्या सतत चढत्या बाजारात वारंवार शेअर विकून ठेव भरणारा निव्वळ शेअरधारकाच्या मागे पडतो. शिवाय विक्रीवर कर लागतो आणि ठेवीच्या व्याजावरही. तेव्हा मिश्रणाने उत्पन्न नेहमीच वाढते, असे म्हणता येणार नाही. ते घट कमी करते, एवढेच निश्चित.

निवृत्तांसाठी क्रमाचा प्रश्न

एकरकमी गुंतवणूक करून ती तशीच ठेवली, तर वर्षांच्या क्रमाने काही फरक पडत नाही. गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी उत्तर तेच येते. पैसे मध्येच टाकले किंवा काढले, की मात्र क्रम निर्णायक ठरतो आणि येथे भूमिती सरासरीही अपुरी पडते. २००७ ते २०१२ या प्रत्येक वर्षअखेर दहा हजार रुपये गुंतवणाऱ्याचे साठ हजारांचे २०१३ अखेर सुमारे ७९ हजार ४०० झाले. म्हणजे वर्षाला आठ टक्के. निर्देशांक तोच, काळ तोच; पण त्याचे बरेचसे पैसे पडत्या भावात गुंतले. हा दर मोजण्यासाठी ‘एक्सआयआरआर’ हे माप वापरतात.

निवृत्त माणसाची दिशा याच्या उलट असते. निवृत्तीच्या रकमेतून दरमहा ठरावीक पैसे काढण्याची ‘एसडब्ल्यूपी’ ही सोय आता अनेकांना सुचवली जाते. दहा लाख रुपये २००७ अखेर निर्देशांकात ठेवून दर वर्षअखेर साठ हजार काढणाऱ्याकडे सहा वर्षांनी सुमारे पाच लाख सत्तर हजार उरले असते. तोच ०.७१ टक्के परतावा दर वर्षी सारखा मिळाला असता, तर सुमारे सहा लाख ७७ हजार उरले असते. एक लाख सात हजारांचा हा फरक केवळ क्रमामुळे पडला. पहिल्याच वर्षी मुद्दल निम्म्यावर आले असताना त्यातून साठ हजार काढले गेले आणि नंतरच्या ८१ टक्क्यांच्या वाढीत ते पैसे सहभागी होऊ शकले नाहीत. निर्देशांक सहा वर्षांनी मूळ पातळीच्या वर होता; निवृत्ताची शिल्लक मात्र मूळ रकमेच्या ५७ टक्के होती.

म्हणून ज्यांना लगेच पैसे काढायचे आहेत, त्यांनी येत्या काही वर्षांच्या खर्चाची रक्कम बाजारातील हेलकाव्यांपासून वेगळी, ठेवीत ठेवणे हे केवळ सावधपणाचे नव्हे, तर गणिताने सिद्ध होणारे धोरण आहे. ‘बारा टक्के सरासरी मिळते, तुम्ही तर सहाच टक्के काढणार’ हा युक्तिवाद पुढे आला, की तीन प्रश्न विचारावेत : ही सरासरी बेरजेची की चक्रवाढीची? त्या काळातील सर्वांत वाईट वर्ष कोणते होते? आणि तेच वर्ष माझ्या वाट्याला पहिले आले, तर सहाव्या वर्षी माझ्याकडे किती रुपये उरतील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टक्क्यांत नव्हे, रुपयांत मागावे.